भांड्यांचं दुकान, ७२ लाखांची उलाढाल: कंपोझिशनमध्येच राहावं की रेग्युलर व्हावं?

कळशी | १६ फेब्रुवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार. गडहिंग्लजमध्ये आमचं स्टील आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली सहा वर्षं हिशोब मी बघते. तेव्हापासून आम्ही कंपोझिशनमध्ये आहोत. तीन महिन्यांनी CMP-08 भरायचं, १ टक्का कर, वर्षाला एक GSTR-4, एवढ्यावर भागतं.

या वर्षीची उलाढाल साधारण ७२ लाख होईल. म्हणजे गल्ल्यात येणारे पूर्ण पैसे. माल भाईंदर आणि मुरादाबादहून येतो. खरेदीची बिलं कर धरून ६३ लाखांची आहेत. गिऱ्हाईक मुख्यतः घरगुती, लग्नसराईत रुखवताची आणि आहेराची भांडी भरपूर जातात. पण दोन हॉटेलवाले आणि तीन मंडप-डेकोरेटर आता "जीएसटीचं बिल द्या, नाहीतर कोल्हापूरहून आणतो" म्हणतात. सासरे म्हणतात, १ टक्का सोडून ५ टक्क्यांत कशाला जायचं? मला ते पटतंही आणि नाहीही. ३१ मार्चच्या आत ठरवायचंय. अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावं.

उमदा_व्यापारी | १६ फेब्रुवारी, रात्री १०.१५

ताई, ४० लाखांपर्यंत मालाच्या व्यापाराला नोंदणीच लागत नाही. नोंदणी रद्द करून टाका, कटकटच नको.

कळशी | १६ फेब्रुवारी, रात्री १०.२१

दादा, उलाढाल ७२ लाख आहे. ४० च्या आत असते तर हा प्रश्नच विचारला नसता.

स्विचबोर्ड | १६ फेब्रुवारी, रात्री १०.५०

माझं इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचं दुकान आहे, विट्याला. मी चार वर्षं कंपोझिशनमध्ये आहे आणि खूश आहे. सासऱ्यांचं बरोबर आहे, १ टक्का तो १ टक्का. रेग्युलर झालात की दर महिन्याला रिटर्न, सीएची फी तिप्पट, नोटिसा. शिवाय एक लक्षात घ्या, कंपोझिशनवाल्याने परराज्यातून माल आणायचा नसतो. तुम्ही मुरादाबादहून आणताय ते आधी थांबवा.

जमाखर्च | १७ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

मी सांगलीत व्हॅटच्या काळापासून करसल्ल्याचं काम करतो. स्विचबोर्ड यांचा शेवटचा मुद्दा आधी दुरुस्त करतो, नाहीतर ताई उगाच घाबरतील. परराज्यातून खरेदी करायला कंपोझिशनवाल्याला बंदी नाही. बंदी परराज्यात *विक्री* करायला आहे. मुरादाबादचा माल बिनधास्त आणा.

आता मुख्य गोष्ट. कंपोझिशन म्हणजे पूर्ण गल्ल्यावर १ टक्का. रेग्युलरमध्ये ५ टक्के लावून घेतले तरी खरेदीवर भरलेले ५ टक्के वजा होतात, म्हणजे खिशातून जातो तो फक्त तुमच्या नफ्याच्या भागावरचा कर. त्यामुळे "१ की ५" अशी तुलनाच चुकीची आहे. तुलना करायची ती "गल्ल्याचा १ टक्का की नफ्याचे ५ टक्के" अशी.

ताईंचे आकडे घेऊ. गल्ला ७२ लाख, खरेदी कर धरून ६३ लाख. ६३ लाखांत मूळ माल ६० लाखांचा आणि कर ३ लाख.

कंपोझिशनमध्ये कर ७२,०००. हातात राहतात ८,२८,०००.

रेग्युलरमध्ये काउंटरवरचा भाव तोच ठेवला, गिऱ्हाइकाकडून एक रुपयाही जास्त घेतला नाही, असं धरा. ७२ लाखांतला कर ३,४२,८५७. त्यातून खरेदीचे ३ लाख वजा. भरायचे ४२,८५७. हातात राहतात ८,५७,१४३.

म्हणजे सध्या कंपोझिशनमध्ये राहून तुम्ही वर्षाला २९,१४३ रुपये जास्त भरताय.

स्विचबोर्ड | १७ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

साहेब, हे कसं शक्य आहे? माझ्या सीएने दोनदा हिशोब करून दाखवलाय, मला कंपोझिशनमध्येच फायदा आहे.

जमाखर्च | १७ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

तुमचा हिशोबही बरोबर आहे. तुमचा माल १८ टक्क्यांचा आहे, ताईंचा ५ चा. फरक तिथेच आहे.

१८ टक्क्यांच्या मालात शंभराच्या विक्रीमागे नफा साधारण साडेसहा रुपयांच्या वर असला की कंपोझिशन स्वस्त पडतं. इलेक्ट्रिकलमध्ये नफा त्याहून बराच जास्त असतो, म्हणून तुम्ही योग्य जागी आहात. ५ टक्क्यांच्या मालात हीच रेघ २१ रुपयांवर जाते. ताईंचा नफा ७२ लाखांवर ९ लाख, म्हणजे साडेबारा. रेघेच्या बराच खाली.

आणि सासऱ्यांचं म्हणणं काल-परवापर्यंत खरंच होतं, हे त्यांना जरूर सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत स्टील, तांबं, पितळ, ॲल्युमिनियमच्या घरगुती भांड्यांवर १२ टक्के होते. तोच माल, तोच नफा १२ टक्क्यांनी मांडला तर कंपोझिशनचा कर ७६,८०० आणि रेग्युलरचा १,०२,८५७ येतो. तेव्हा कंपोझिशन २६,००० रुपयांनी स्वस्त होतं. दर १२ वरून ५ वर आला, कंपोझिशनचा १ टक्का मात्र जागेवरच राहिला. त्या एका तारखेने तुमच्या दुकानाचा हिशोब उलटला. गेल्या पाच महिन्यांत माझ्याकडे आलेल्या भांडी आणि कापडवाल्यांपैकी निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं.

कळशी | १७ फेब्रुवारी, दुपारी १.१०

मी आत्ता वहीत स्वतः करून बघितलं, आकडे जुळले. सासऱ्यांना दाखवलं. ते दहा मिनिटं वही हातात धरून बसले होते, मग म्हणाले "मग खर्चाचं काय?" तर तो सांगते. आमचे सीए कंपोझिशनचे वर्षाला ६,००० घेतात, रेग्युलरचे १५,००० सांगितलेत. म्हणजे २९,००० मधून ९,००० जातील.

हिशोबनीस_मडगाव | १७ फेब्रुवारी, दुपारी ३.२५

२०,००० उरतात ते उरतात, पण हॉटेलवाल्यांचा धंदा टिकतो हा खरा फायदा. त्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही म्हणून ते कोल्हापूरला जातायत. रेग्युलर व्हा, ते परत येतील.

जमाखर्च | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.५०

अर्धं बरोबर. साधं हॉटेल ५ टक्क्यांनी जेवणाचं बिल करतं, आणि त्या ५ टक्क्यांची अटच अशी आहे की इनपुट क्रेडिट घ्यायचं नाही. तुम्ही टॅक्स इन्व्हॉइस दिलं तरी तो त्यातला कर वळता करू शकत नाही. त्याला बहुधा फक्त पक्कं बिल हवंय, आणि ते तुम्ही आजही देऊ शकता. बिल ऑफ सप्लाय हे पक्कंच बिल आहे, त्याच्या इन्कम टॅक्सच्या खर्चाला चालतं. एकदा त्याच्याशी बोलून बघा.

मंडप-डेकोरेटरचं मात्र खरं आहे. तो १८ टक्क्यांनी बिल करतो आणि भाड्याने द्यायला पातेली, बादल्या, जग विकत घेतो. त्याला क्रेडिट पूर्ण मिळतं. तुमच्याकडून २ लाखांची भांडी घेतली तर रेग्युलर बिलात त्याचे ९,५२४ सुटतात. त्याच भावाने कंपोझिशनमधून घेतली तर शून्य. त्याने कोल्हापूरला जाणं समजू शकतो.

कळशी | १७ फेब्रुवारी, रात्री ९.३०

हॉटेलवाल्यांपैकी एकाला आजच विचारलं. खरंच, त्याला "हिशोबात दाखवायला" बिल हवं होतं. आमचं बिल ऑफ सप्लाय दाखवलं. वर "कंपोझिशन करपात्र व्यक्ती, पुरवठ्यावर कर आकारण्यास पात्र नाही" असं छापलंय, ते वाचून त्याला ते कच्चं बिल वाटत होतं. हे मला इतकी वर्षं सुचलं नाही.

अजून एक विचारते. संकेश्वरहून आमच्याकडे बरीच लग्नाची गिऱ्हाइकं येतात, पंधरा किलोमीटरच तर आहे. ते दुकानात येऊन घेऊन जातात. पण या सीझनला दोन मोठ्या ऑर्डरी आम्ही टेम्पोने त्यांच्या घरी पोचवल्या. त्याने काही होतं का?

जमाखर्च | १७ फेब्रुवारी, रात्री १०.१०

होतं. संकेश्वर कर्नाटकात आहे. तुम्ही माल तिथे पोचवून दिला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि आंतरराज्य विक्री करणारा कंपोझिशनला पात्र राहत नाही. ज्या दिवशी ती विक्री झाली त्या दिवसापासून. नियमाप्रमाणे सात दिवसांत CMP-04 भरून बाहेर पडायचं असतं. अधिकाऱ्याच्या हाती ते लागलं तर तेव्हापासूनचा पूर्ण कर आणि वर दंड लावता येतो. झालेल्या दोन ऑर्डरींचं तुमच्या सीएंसमोर बसून ठरवा, यात दिरंगाई करू नका. आणि पुढे टेम्पो पाठवायचा असेल तर रेग्युलरशिवाय मार्ग नाही. तिथे तो प्रश्नच नाही, आयजीएसटी ५ टक्के लावायचा आणि पाठवायचं.

हिशोबनीस_मडगाव | १७ फेब्रुवारी, रात्री १०.४०

आमच्याकडे पण कारवारची माणसं काउंटरवर येतात. माल दुकानात हातात दिला की ती स्थानिक विक्री. गिऱ्हाईक कुठे नेतं ते आपण बघायचं नाही.

जमाखर्च | १७ फेब्रुवारी, रात्री ११.०५

पूर्वी मीही हेच सांगायचो. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला विकताना बिलावर त्याचा पत्ता लिहिला असेल तर पुरवठ्याची जागा तो पत्ता धरतात. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिला असंच मानतात. पत्ता नसेल तर विक्रेत्याची जागा. आता संकेश्वरच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर कुणी हौसेने "मु. पो. संकेश्वर, कर्नाटक" लिहिलं तर काय, यावर माझं मत आहे की कंपोझिशनवाल्याने ती जोखीम घेऊ नये. बिल ऑफ सप्लायवर नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता लिहिण्याची सक्तीच नाही.

हिशोबनीस_मडगाव | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.००

मला हे पटत नाही. माल काउंटरवर दिला, तिथेच व्यवहार संपला. पत्त्याचा नियम ऑनलाइन विक्रीसाठी आणलाय.

जमाखर्च | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

हेतू तो असेल. शब्द मात्र सगळ्या विक्रीला लागू पडतात. यावर आपलं एकमत होणार नाही, म्हणून ताईंना सल्ला एवढाच, की वादाची जागा ठेवू नका.

रिकामा_गाळा | १८ फेब्रुवारी, सकाळी ११.३५

ताई, दुकान भाड्याचं असेल तर सांभाळा. गाळामालकाची नोंदणी नसेल तर भाड्यावर १८ टक्के कर तुम्हाला भरावा लागतो, आणि कंपोझिशनमध्ये त्याचं क्रेडिट नाही. माझे त्यात बरेच गेलेत.

जमाखर्च | १८ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

तो नियम १० ऑक्टोबर २०२४ ला आला आणि सुरुवातीला कंपोझिशनवाल्यांनाही लागला. जानेवारी २०२५ मध्ये कंपोझिशनवाल्यांना त्यातून वगळलं. तुम्ही अजूनही भरत असाल तर आजच थांबवा आणि सीएंना दाखवा.

रेग्युलरला तो लागू आहे. ताई, भाडं किती?

कळशी | १८ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

महिना १५,०००. मालकांची नोंदणी नाही.

जमाखर्च | १८ फेब्रुवारी, दुपारी १.००

मग महिना २,७००, वर्षाला ३२,४००. हे रोखीने भरावे लागतील, क्रेडिटमधून चालत नाहीत. पण भरले की तेवढंच क्रेडिट मिळतं, आणि ४२,८५७ मधून ते वजा होतं. एकूण खिशातून जाणारे तेवढेच. नुकसान नाही, फक्त महिन्याची शिस्त लागेल.

रिटर्नची भीती स्विचबोर्ड यांनी घातली, तीही कमी करतो. तुमच्या उलाढालीला तिमाही पर्याय आहे. GSTR-1 तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आणि महाराष्ट्रात GSTR-3B २२ पर्यंत. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर नंतरच्या महिन्याच्या २५ पर्यंत PMT-06 ने भरायचा. दोनशेच्या आतलं गिऱ्हाईक बिल मागत नसेल तर दिवसाअखेर त्यांचं एकत्र बिल चालतं. एक वाटी, एक चमचा विकलात म्हणून बिल फाडत बसायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे इथे कुणी विचारलं नाही. दुकानात माल किती पडून आहे, आणि तो कधीच्या बिलांचा?

कळशी | १९ फेब्रुवारी, रात्री १०.५५

दोन संध्याकाळी लागल्या. माळ्यावरचे पितळी हंडे आणि जुनी तसराळीसुद्धा मोजली. कर सोडून १९ लाखांचा माल आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२५ ची बिलं, १२ टक्क्यांची, त्यातला ६ लाखांचा शिल्लक. दर उतरल्यानंतरच्या बिलांतला ९ लाखांचा. आणि ४ लाखांचा माल त्याहून जुना, काही तर कोविडच्या आधीचा.

जमाखर्च | २० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

इतकी नीट मोजदाद फार कमी लोक करतात.

कंपोझिशनमधून बाहेर पडताना त्या दिवशी शिल्लक असलेल्या मालावर खरेदीवेळी भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. आतापर्यंत तुम्ही तो कर किमतीत गिळत होता, तो परत उभा राहतो. बिलावर जितका लागला तितका. म्हणजे ६ लाखांवर १२ टक्के, ७२,०००. ९ लाखांवर ५ टक्के, ४५,०००. एकूण १,१७,०००. जुन्या ४ लाखांवर काही नाही, कारण बिल एक वर्षाहून जुनं झालं की क्रेडिट जातं.

नीट बघा: १२ टक्के भरून आणलेला माल तुम्ही ५ टक्क्यांनी विकणार आणि क्रेडिट १२ चं घेणार. ही संधी आपोआप आटत जाते. १ एप्रिलला बाहेर पडलात तर एप्रिल २०२५ ची बिलं जेमतेम मुदतीत बसतात. जूनपर्यंत थांबलात तर एप्रिल-मेची गेली. २२ सप्टेंबर २०२६ नंतर १२ टक्क्यांचं एकही बिल उरत नाही.

बाहेर पडल्यापासून ३० दिवसांत ITC-01 भरायचा, त्यात बिलवार माहिती लागते. ही मुदत चुकवू नका, मी दोन जणांची चुकलेली पाहिली आहे आणि त्यांचं क्रेडिट गेलं. रक्कम २ लाखांच्या आत असल्याने सीएंचा दाखला लागणार नाही. पुरवठादाराने त्याच्या रिटर्नमध्ये तुमचं बिल दाखवलंय का, हे पोर्टलवर GSTR-4A मध्ये आत्ताच तपासा. बिल तिथे दिसत नसेल तर भाईंदरला फोन करायला अजून महिना आहे.

एक मर्यादाही सांगतो. हे १,१७,००० रोख परत मिळणार नाहीत, क्रेडिट खात्यात पडून राहतील आणि कर देताना हळूहळू वापरले जातील. वर्षाचा तुमचा निव्वळ कर ४२,८५७, आणि भाड्याचं क्रेडिटही त्याच खात्यात येत राहणार. म्हणजे बरीच वर्षं लागतील.

स्विचबोर्ड | २० फेब्रुवारी, सकाळी १०.४०

मी मोठ्या तोंडाने सल्ला दिला होता, तो ताईंना लागू नव्हता. क्षमस्व. माझ्याकडे मात्र १८ टक्क्यांचाच माल आहे, मी आहे तिथेच राहतो.

कळशी | २० फेब्रुवारी, रात्री ९.१५

क्षमा कसली दादा, तुमच्यामुळेच दोन्हींतला फरक कळला. सासरे तयार झालेत. १ एप्रिलपासून रेग्युलर. GSTR-4A उघडून बघितलं, मुरादाबादच्या एका व्यापाऱ्याची जुलैची दोन बिलं दिसत नाहीयेत, ८०,००० च्या मालाची. उद्या फोन करते.

जमाखर्च काका, एकच राहिलं. पितळेच्या भांड्यांवर आम्ही मोड घेतो. कळशी २,४०० ची, जुन्या भांड्याची मोड ९०० ची, गिऱ्हाईक १,५०० रोख देतं. आम्ही बिल १,५०० चं करत आलोय. तेच चालू ठेवायचं ना?

जमाखर्च | २० फेब्रुवारी, रात्री १०.००

नाही. बिल २,४०० चं व्हायला हवं. मोड बदल्यात मिळाली म्हणून नव्या कळशीची किंमत कमी होत नाही. म्हणजे तुमची खरी उलाढाल ७२ लाखांहून जास्त आहे, आणि आजवर कंपोझिशनचा १ टक्काही त्या फरकावर भरलेला नाही. वर्षाला किती मोड येते ते काढा. मोडीचे पैसे धरून नफ्याचा आकडा बदलला तर वरचा हिशोब पुन्हा मांडू.

रिकामा_गाळा | २० फेब्रुवारी, रात्री १०.२०

आणि मोडीवर उलटा कर? ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर घेणाऱ्यानेच कर भरायचा, असं आहे ना?

जमाखर्च | २० फेब्रुवारी, रात्री १०.४५

भंगारवाल्याकडून घेतलं तर भरायचाच. घरातली बाई जुनी कळशी आणून देते, ती काही भंगाराचा धंदा करत नाही, म्हणून माझ्या मते तिथे लागू नये. जुन्या दागिन्यांच्या बाबतीत २०१७ साली सरकारने असंच स्पष्ट केलं होतं. मोडीसाठी मी तोच आधार धरतो, पण अधिकारी तो मानेलच असं छातीठोक सांगत नाही. ताई, घरगुती मोड आणि भंगारवाल्याची मोड यांची वेगळी वही आजपासून ठेवा.

कळशी | २१ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

वही काढली. पहिली नोंद आज सकाळचीच: दोन तांबे आणि एक फुटका बंब, साडेसात किलो, घरगुती. मुरादाबादच्या माणसाने दोन्ही बिलं पुढच्या रिटर्नमध्ये घालतो म्हटलंय. दिसली की इथे लिहिते.